तुरीच्या जहाजाच्या उतराईस झालेल्या विलंबाबद्दल डेमरेजची मागणी

सोलापूर, दिनांक 18 जुलै 2024

प्रति,
व्यवस्थापकीय भागीदार,
कडधान्य आयातदार पेढी, होटगी रोड, सोलापूर.

महोदय,

आमचे पक्षकार असलेल्या जहाजमालकांच्या सूचनेवरून हे पत्र पाठवीत आहोत. आपण दिनांक 6 मे 2024 च्या चार्टर पार्टीने मोझांबिकमधील नकाला बंदरातून 24,000 मेट्रिक टन तूर मुंबईस आणण्यासाठी त्यांचे जहाज भाड्याने घेतले. हा माल उतरविण्यास कराराच्या मुदतीपेक्षा अधिक वेळ लागला असून त्यापोटी वजावटीनंतर 85,312.50 अमेरिकी डॉलर आपणाकडून येणे आहेत.

करारानुसार उतराईचा दर कामायोग्य हवामानाच्या प्रत्येक 24 तासांच्या दिवसास 4,000 टन आहे. म्हणजे आपणास मिळालेला लेटाइम 6 दिवस, अर्थात 144 तास होतो. रविवार व सार्वजनिक सुट्ट्या, त्या दिवशी काम झाले तरी, मोजावयाच्या नाहीत. तयारीची नोटीस दुपारी 12 पूर्वी दिल्यास लेटाइम त्याच दिवशी 13.00 वाजता सुरू होतो आणि धक्का मिळाला नसला तरी नोटीस ग्राह्य धरली जाते.

नोटीस सोमवार, 10 जून रोजी 09.40 वाजता दिली गेली. त्या दिवशीचे 13.00 पासूनचे 11 तास मोजले आहेत. 11 जूनला जहाज नांगरावर उभे असताना 2 तास पाऊस झाला, तोही वगळून 22 तास धरले. 12 जूनला नांगरावरून धक्क्यास येण्याचे 3 तास वगळून 21 तास. पावसाचे 6 तास सोडून 13 जूनचे 18 तास, साडेपाच तास सोडून 14 जूनचे साडेअठरा तास आणि 15 जूनचे पूर्ण 24 तास, अशी बेरीज 114 तास 30 मिनिटे होते. 16 जूनचा रविवार व 17 जूनची बकरी ईदची सुट्टी मोजलेली नाही. 18 जूनला पावसाचे साडेचार तास वजा जाता 19 तास 30 मिनिटे मिळून बेरीज 134 तास झाली, आणि उरलेले 10 तास बुधवार, 19 जून रोजी 10.00 वाजता संपले. जेथे वजावट देणे शक्य होते तेथे ती आपणास दिलेली आहे, हे आपण कृपया पडताळून पाहावे.

उतराई मंगळवार, 25 जून रोजी 16.00 वाजता पूर्ण झाली. म्हणजे डेमरेजचा काळ 6 दिवस 6 तास, अर्थात 6.25 दिवस. दररोज 14,000 डॉलर या दराने 87,500 डॉलर होतात. त्यातून करारातील अडीच टक्के कमिशनचे 2,187.50 डॉलर वजा केले आहेत.

आपल्या 2 जुलैच्या पत्रात 23 जूनचा रविवार आणि 20 व 22 जूनचा पाऊस वगळण्याची मागणी आहे. ती मान्य करता येत नाही. ज्या सवलती आहेत त्या लेटाइम मोजण्यापुरत्या आहेत. लेटाइम एकदा संपला की, करारात स्पष्ट अपवाद नसल्यास, डेमरेज अखंड चालते, हे जहाज व्यवहारातील सर्वमान्य तत्त्व आहे. मुदतीत काम झाले असते तर ते पाऊस व तो रविवार जहाजाच्या वाट्यास आलेच नसते.

आषाढी वारीमुळे पुणे–सोलापूर रस्त्यावर मालमोटारी अडल्या, असेही आपण लिहिले आहे. वारीचा मान आम्ही सोलापूरकर म्हणून पुरता जाणतो. परंतु तुकोबारायांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान 28 जूनला व माउलींच्या पालखीचे आळंदीहून 29 जूनला झाले, आणि जहाज त्याआधीच रिकामे झाले होते. खरे कारण उतराईच्या दैनिक नोंदपत्रात आहे. 21 जूनच्या नोंदीत, 11.20 ते 19.45 या वेळेत, होल्ड क्रमांक 3 उघडा, ग्रॅब तयार, पाऊस नाही, मालमोटार नाही, असे नमूद असून त्याखाली आपल्या मुंबईतील प्रतिनिधीची सही आहे. 25 टनी मालमोटारी धरल्या तर ठरलेला दर राखण्यास दररोज 160 गाड्या लागतात. त्या दिवशी दिवसभरात 58 आल्या. गाड्यांची सोय करण्याची जबाबदारी करारानुसार आपली होती.

डेमरेज ही आधीच ठरवून घेतलेली भरपाई आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाले वा न झाले तरी, ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळू शकते. आणि येथे ठरलेला दर उभ्या जहाजाच्या रोजच्या खर्चाशी व बुडालेल्या कमाईशी सुसंगत आहे.

नोटीस, दैनिक नोंदपत्र, लेटाइमचा तक्ता व चार्टर पार्टीची प्रत सोबत जोडली आहे. उतराईनंतर 90 दिवसांत कागदपत्रांसह मागणी करण्याची कराराची अट यामुळे पूर्ण होते. 85,312.50 डॉलर दिनांक 8 ऑगस्ट 2024 पर्यंत जहाजमालकांच्या करारात नमूद बँक खात्यात जमा करावेत. एखाद्या नोंदीबद्दल हरकत असल्यास तारीख व वेळ देऊन याच मुदतीत कळवावे. तिची तपासणी आम्ही अवश्य करू. रक्कम न आल्यास करारातील लवाद कलमानुसार मुंबई येथे लवादाची कार्यवाही सुरू करण्याची सूचना आम्हांस मिळालेली आहे. व्याज व खर्चाचा हक्क राखून ठेवला आहे.

आपले विश्वासू,
जहाजमालकांतर्फे अधिकृत वकील, सोलापूर