पाठ ७ : नोकरीचा अर्ज, कागदावर आणि ईमेलवर

अर्ज वाचणाऱ्यापुढे ढीग असतो. पद कोणते, जाहिरात कोणती आणि तुम्हाला काय येते, हे पहिल्या चार ओळींत कळले पाहिजे.

नमुना पत्र

स्नेहल पाटील
गावभाग, सांगली
दि. १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नागरी सहकारी पतसंस्था,
विश्रामबाग, सांगली.

विषय : लेखा लिपिक पदासाठी अर्ज
संदर्भ : दि. ८ जून २०२५ची वृत्तपत्रातील जाहिरात

महोदय,

वरील जाहिरातीनुसार लेखा लिपिक पदासाठी अर्ज करत आहे. मी २०२२ मध्ये बी.कॉम. झाले. गेली दोन वर्षे मिरजेत कर सल्लागारांकडे ४० व्यापाऱ्यांच्या टॅलीतील नोंदी, बँक ताळमेळ आणि जीएसटी विवरणपत्रांची तयारी मी पाहते. मराठी टंकलेखन ३० श.प्र.मि. परीक्षा उत्तीर्ण आहे. मुलाखतीची संधी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
स्नेहल पाटील

सोबत : बायोडेटा, पदवी प्रमाणपत्र व अनुभव दाखल्याच्या प्रती

‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ हे वाक्य इथे मुद्दाम नाही. ते सगळेच लिहितात. ४० व्यापाऱ्यांच्या नोंदी सगळ्यांकडे नसतात. ‘कळावे, लोभ असावा’ घरच्या पत्रात शोभते, अर्जात नाही. अधिकारी स्त्री असल्याचे माहीत असेल तर ‘महोदया’, नक्की नसेल तर ‘महोदय/महोदया’. छापील अर्जावर नावाच्या वर पेनाने सही करा. ती हटकून राहते.

तोच अर्ज ईमेलने

विषय : लेखा लिपिक पदासाठी अर्ज – स्नेहल पाटील

महोदय,
दि. ८ जूनच्या जाहिरातीनुसार लेखा लिपिक पदासाठी अर्ज व बायोडेटा सोबत जोडला आहे. टॅली व जीएसटी कामाचा दोन वर्षांचा अनुभव आहे. संपर्क क्रमांक बायोडेटात दिला आहे.
आपली विश्वासू,
स्नेहल पाटील

जोडलेली फाइल : `Snehal_Patil_Arj.pdf`

ईमेलमध्ये पत्ता आणि ‘प्रति’ची उतरंड नको, ती जोडपत्रात आहेच.

नेहमी चुकते ते

सर्वांत महागात पडणारी चूक फाँटची. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला, की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि जोडपत्र पीडीएफ करा.

`resume final new(2).pdf` अशा नावाची फाइल डाउनलोड केल्यावर कोणाची, हे कळत नाही. मोबाइलवर काढलेले तिरके फोटोही नकोत. स्कॅनिंग ॲपने सगळी पाने एकाच पीडीएफमध्ये घ्या. जाहिरातीत मागितले नसेल तर आधारची प्रत जोडू नका.

दहा संस्थांचे पत्ते एकाच ‘To’मध्ये टाकले, तर प्रत्येकीला बाकीच्या नऊ दिसतात. प्रत्येकीला वेगळा मेल लिहा. आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सर्वांत शेवटी. म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी अर्धवट मेल जात नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘Undo Send’ची मुदत ३० सेकंद करून ठेवा.