नवीन व्हीएफडी स्क्रू कॉम्प्रेसर खरेदीस मंजुरी मिळण्याबाबत

प्रति: व्यवस्थापकीय संचालक
प्रेषक: देखभाल विभाग प्रमुख, फाउंड्री युनिट, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
दिनांक: 14 जुलै 2025

महोदय,

मोल्डिंग, कोअर शॉप आणि शॉट ब्लास्टिंगला हवा पुरवणारा आपला 75 किलोवॉटचा कॉम्प्रेसर 11 वर्षांचा झाला असून, त्याच्या जागी 17.60 लाख रुपये खर्चून व्हीएफडी, म्हणजे बदलत्या वेगाचा, नवीन कॉम्प्रेसर घेण्यास मंजुरी द्यावी, ही विनंती.

जुने मशीन वर्षाला 4,800 तास चालते. त्यातील 40 टक्के वेळ ते अनलोड अवस्थेत, म्हणजे हवा न देता, 26 किलोवॉट वीज घेत राहते. लोडवर ते 80 किलोवॉट घेते. वर्षाचा वापर 2,80,320 युनिट होतो. नवीन मशीन मागणीनुसार वेग कमी करते आणि दाबही कमी पट्ट्यात स्थिर ठेवते, त्यामुळे सरासरी 47 किलोवॉट धरल्यास वापर 2,25,600 युनिटवर येतो. प्रतियुनिट 9 रुपयांनी ही बचत 4.92 लाख आणि देखभालीतील निव्वळ बचत 1.20 लाख, अशी एकूण 6.12 लाख रुपये होते.

खर्चात कॉम्प्रेसर 14.20 लाख, ड्रायर 1.90 लाख, पाइपिंग, केबल व फाउंडेशन 1.50 लाख धरले आहे. जीएसटीचा परतावा मिळत असल्याने तो धरलेला नाही. ड्रायर वगळू नये, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाइनमध्ये येणारे पाणी कोअर खराब करते. गुंतवणूक सुमारे 35 महिन्यांत वसूल होईल. जुने मशीन 1.60 लाखांना विकल्यास हा काळ 31 महिन्यांवर येतो. परंतु हवा बंद पडली की संपूर्ण लाइन थांबते, म्हणून चार महिन्यांच्या फरकासाठी ते विकू नये, राखीव ठेवावे, असे माझे मत आहे.

सर्वांत स्वस्त पर्याय गळती थांबवण्याचा होता, आणि तो आम्ही आधीच केला: सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या चाचणीत 30 टक्के असलेली गळती 18 टक्क्यांवर आली. वरील आकडे त्यानंतरचे आहेत. एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, बदलून 4.50 लाखांत जुने मशीन सुधारता येईल, पण अनलोडमधील वीज तशीच जाईल. सेकंडहँड मशीनच्या चाललेल्या तासांची खात्री देणारा विक्रेता मिळाला नाही, त्यामुळे तो विचार सोडला.

एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. हवेची मागणी वाढून मशीन सतत पूर्ण क्षमतेने चालू लागल्यास विजेची बचत जवळजवळ उरणार नाही. मात्र हाती असलेल्या ऑर्डरींवरून पुढील दोन वर्षांत तशी शक्यता दिसत नाही.

पुरवठ्यास आठ आठवडे लागतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ऑर्डर गेल्यास दिवाळीच्या सुट्टीत, उत्पादन न थांबवता, जोडणी पूर्ण करता येईल.

आपला विश्वासू,
देखभाल विभाग प्रमुख