काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा मेसेज, नीट लिहून

दादाने घाईत टाइप केलेला:

"काका ऑप गुरु नाय शुक्र. ७ ला रेडी र्‍हा मी येतो. रिपो + गोळ्या लिस्ट घ्या. ड्रॉप गुरु पासून ४ टा. ना. नको. बीपी चालेल. रक्त पा. गोळी बंद? डॉ ला विचारतो. टेन्शन नॉट. मीटिंगमधे आहे नं. कॉल"

दादा, हा अजून गेला नाही ना, मग थांब जरा. "७ ला" म्हणजे काका सात तारीख समजतील, "ना. नको" मला पण दोनदा वाचल्यावर कळलं की नाश्ता आहे, आणि सगळ्यात वाईट ते "रक्त पा. गोळी बंद?", ते प्रश्नचिन्ह त्यांना दिसणारच नाही, बंद एवढंच वाचतील आणि उद्यापासून गोळी सोडून देतील, हार्टसाठी आहे रे ती. तू फोनवर सांगितलंस त्यावरून खाली लिहिलंय, तुझ्याच नावाने. काकू वाचून दाखवणार आहेत म्हणून एकही शॉर्टकट ठेवला नाही. लांब झालाय पण कमी करू नकोस.

काका, नमस्कार.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस बदललाय. आधी गुरुवार ठरला होता, आता शुक्रवारी सकाळी आहे. घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना गुरुवारी अचानक बाहेरगावी जावं लागतंय एवढंच कारण आहे, तुमच्या तपासण्या सगळ्या नीट आल्यात आणि परत काही करायची गरज नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी गाडी घेऊन घरी येतो, तुम्ही आणि काकू तयार राहा. शर्ट पुढून बटणांचा घाला, म्हणजे नंतर डोक्यावरून काढावा लागणार नाही. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून गुरुवारीच डोक्यावरून आंघोळ करून घ्या.

डोळ्यात घालायचे ड्रॉप्स गुरुवारी सकाळपासून सुरू करायचेत, दिवसातून चार वेळा, एकेक थेंब, फक्त उजव्या डोळ्यात. काकूंनी आधी हात साबणाने धुवावेत आणि बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नये.

शुक्रवारी सकाळी नाश्ता आणि चहा करू नका, हॉस्पिटलने तसं सांगितलंय. बीपीची गोळी मात्र रोजच्यासारखी घ्या, दोन घोट पाण्याबरोबर.

आणि काका, हे महत्त्वाचं. रक्त पातळ होण्याची जी गोळी तुम्ही घेता ती बंद करू नका, चालूच ठेवा. तिच्याबद्दल मी आज संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांशी आणि तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी दोघांशी बोलणार आहे, काही बदल असेल तर मी स्वतः फोन करून सांगेन, तोवर स्वतःहून किंवा कोणाच्या सांगण्यावरून काही करू नका.

येताना जुन्या रिपोर्ट्सची फाइल आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर घ्या. यादी लिहायचा कंटाळा आला तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, ते जास्त बरं, म्हणजे नावात चूक होणार नाही.

तुम्ही मागे विचारलं होतं म्हणून सांगतो, पूर्ण भूल देत नाहीत, फक्त डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असाल आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल. ऑपरेशनला वेळ साधारण अर्धा तास, पण आधी बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालतात आणि नंतर थोडं थांबवून घेतात, त्यामुळे अर्धा दिवस धरून चला. त्याच दिवशी घरी सोडतील. डोळ्यावर पट्टी असेल आणि थोडं अंधुक दिसेल, म्हणून घरी न्यायला मीच थांबणार आहे, तुम्ही रिक्षाचा वगैरे विचार करू नका. मी त्या दिवशी सुट्टी घेतली आहे, माझा खोळंबा होईल असं मनात आणू नका.

आता मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी आठ वाजता फोन करतो, तेव्हा गोळीचं काय ठरलं ते पण सांगतो. मनात काही शंका असतील तर काकूंना कागदावर लिहून ठेवायला सांगा, एकेक करून बोलू. आणि मेसेज वाचून झाला की काकूंना फक्त "शुक्रवार, सकाळी सात" एवढं उत्तर पाठवायला सांगा, म्हणजे मला कळेल की दिवस आणि वेळ नीट पोचली.