ॲस्पिरिनचे संश्लेषण: चर्चा (पहिल्या वजनाला यील्ड ११२.७ टक्के)

सॅलिसिलिक ॲसिड २.०० ग्रॅम, ॲसेटिक ॲनहायड्राइड ५.० मिलिलिटर आणि संहत सल्फ्युरिक ॲसिडचे ५ थेंब घेऊन केलेल्या या प्रयोगात दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पादनाचे वजन २.९४ ग्रॅम भरले. हिशेबाने जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकते, म्हणजे यील्ड ११२.७ टक्के. घातलेल्या सॅलिसिलिक ॲसिडपासून एवढे ॲस्पिरिन तयार होणे शक्य नाही. तेव्हा वरच्या ०.३३ ग्रॅमचा, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक, पदार्थ ॲस्पिरिन नाही. तो काय आहे, हे खाली तपासले आहे.

आधी हिशेब. २.०० ÷ १३८.१२ = ०.०१४४८ मोल सॅलिसिलिक ॲसिड, ५.० मिलिलिटर ॲनहायड्राइड (घनता १.०८) म्हणजे ५.४० ग्रॅम, ०.०५२९ मोल. ॲनहायड्राइड साडेतीन पटींहून जास्त आहे, म्हणून मर्यादा सॅलिसिलिक ॲसिडची. ०.०१४४८ × १८०.१६ = २.६०९ ग्रॅम. चुकून ॲनहायड्राइड धरून हिशेब केला असता तर अपेक्षित वजन ९.५३ ग्रॅम आणि यील्ड ३०.८ टक्के आले असते. ही चूक आकडा खाली नेते, वर नाही.

दुसरा संशय फिल्टर पेपरवर होता, आणि तो रास्त होता. ७ सेंटिमीटरच्या कोरड्या पेपरचे वजन ०.३४ ग्रॅम, आणि जादा वजन ०.३३ ग्रॅम. पेपर वजा करायचा राहिला, असे लिहून मोकळे होण्याचा मोह इथे होतो. पण वहीतले मूळ आकडे तसे सांगत नाहीत: वॉच ग्लास आणि पेपर मिळून ३१.८६ ग्रॅम, स्फटिकांसह ३४.८० ग्रॅम. पेपर वजा झालेला आहे. दोन आकडे जुळले तो योगायोग. काट्याची अचूकता ०.०१ ग्रॅम असल्याने दोन वाचनांतली चूक फार तर ०.०२ ग्रॅम. सॅलिसिलिक ॲसिडच जास्त पडले असेल म्हणावे, तर २.९४ ग्रॅम उत्पादनासाठी ते २.२५ ग्रॅम लागले असते. पाव ग्रॅमची चूक या काट्यावर नजरेतून सुटणार नाही.

फेरिक क्लोराइडने कच्च्या उत्पादनाला फिकट जांभळा रंग दिला. म्हणजे न बदललेले सॅलिसिलिक ॲसिड त्यात आहे. वाढीव यील्डचे कारण म्हणून ‘अशुद्धी’ असे मोघम लिहिण्याची पद्धत आहे, पण ही अशुद्धी इथे कारण होऊ शकत नाही. ॲस्पिरिन न बनता तसाच राहिलेला प्रत्येक मोल १८०.१६ ऐवजी १३८.१२ ग्रॅमच वजन देतो, म्हणजे एकूण वजन ४२.०४ ग्रॅमने घटते. आम्लात गरम करताना सॅलिसिलिक ॲसिडचे रेणू एकमेकांना जोडून पॉलिमर झाला असेल, तर प्रत्येक जोडणीला पाणी बाहेर पडते, आणि वजन आणखीच कमी. ०.३३ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिडमधून आलेले नाहीत. ते बाहेरून आले असले पाहिजेत.

बाहेरच्या पदार्थांत सल्फ्युरिक ॲसिड, ॲसेटिक ॲसिड आणि पाणी एवढेच उरतात. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात बेरियम क्लोराइड घातल्यावर पांढरा गढूळपणा आला नाही, म्हणून सल्फ्युरिक ॲसिड बाद. ॲसेटिक ॲसिडचे तसे नाही. जादा ॲनहायड्राइड पाण्याने मोडल्यावर एकूण सुमारे ५.५ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड तयार होते आणि ते धुवायला बर्फाचे पाणी ५ मिलिलिटरचे दोनदाच वापरले. स्फटिकांना दुसऱ्या दिवशीही व्हिनेगरचा वास होता. पाण्याबद्दल सांगायचे तर सक्शन जेमतेम १० मिनिटे चालले, लगदा फनेलमध्ये दाबला नाही, आणि वॉच ग्लास रात्रभर कपाटात उघडी राहिली. वडोदऱ्यात ऑगस्टमध्ये अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे ओल्या पेपरवरचा लगदा एका रात्रीत काय वाळणार! ॲस्पिरिन स्वतः फारसे पाणी ओढत नाही. सुया गुंतलेल्या लगद्यात धुण्याचे पाणीच अडकून राहते.

याची खातरजमा वजनानेच केली. सिलिका जेल गुलाबी पडलेले होते, ते ओव्हनमध्ये निळे होईपर्यंत तापवून, थंड करून मग डेसिकेटरमध्ये ठेवले. तीच वॉच ग्लास, तोच पेपर:

सुरुवातीला २.९४ ग्रॅम (११२.७ टक्के)
२४ तासांनी २.४७ ग्रॅम (९४.७ टक्के)
४८ तासांनी २.३३ ग्रॅम (८९.३ टक्के)
७२ तासांनी २.३१ ग्रॅम (८८.५ टक्के)
९६ तासांनी २.३१ ग्रॅम (८८.५ टक्के)

एकूण ०.६३ ग्रॅम उडाले, म्हणजे पहिल्या वजनाचा २१ टक्के भाग ओल होती. त्यात पाणी किती आणि ॲसेटिक ॲसिड किती, हे या मोजणीतून वेगळे काढता येत नाही. वासाचा जोर गेला तो पहिल्या २४ तासांत. यातले दुसरे वाचन नीट पाहण्याजोगे आहे. ९४.७ टक्के हा आकडा उत्तम दिसतो, आणि प्रयोग तिथेच थांबवला असता तर कोणी शंका घेतली नसती; पण त्या क्षणी नमुन्यात अजून ०.१६ ग्रॅम ओल होती. पेपरही डेसिकेटरमध्ये स्वतःचा दमटपणा सोडतो आणि त्याचे वजन मात्र पावसाळी हवेत घेतलेले होते, म्हणून २.३१ ग्रॅम हा आकडा ०.०३ ग्रॅमपर्यंत कमी असू शकतो. यील्डमध्ये तो फरक एक टक्क्याच्या आसपास.

वाळवण्यासाठी १०० अंशांचा ओव्हन मुद्दाम टाळला. ओले ॲस्पिरिन तापवले की ते पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये मोडते. वजन झटपट उतरते, पण ते कशामुळे उतरले ते कळत नाही.

८८.५ टक्के हाही कच्च्या उत्पादनाचा आकडा आहे. द्रवणांक १२९ ते १३३ अंश सेल्सियस आला. शुद्ध ॲस्पिरिनचा १३५ च्या आसपास असतो. समजा त्यात वजनाने १० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असेल, तर खरे ॲस्पिरिन २.०८ ग्रॅम आणि यील्ड ७९.७ टक्के. उलट बाजूने, २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ०.३ ग्रॅम ॲस्पिरिन विरघळते. गाळण आणि धुणे मिळून ६० मिलिलिटर थंड पाण्यात ०.१ ग्रॅमच्या आसपास गेले असावे. अधिक धुतले असते तर ॲसेटिक ॲसिड गेले असते, पण त्याबरोबर थोडे उत्पादनही. इथे तो तोटा पत्करायला हवा होता.

कोरडे २.३१ ग्रॅम इथेनॉल आणि पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण केल्यावर, स्थिर वजनापर्यंत वाळवून, १.७८ ग्रॅम मिळाले: यील्ड ६८.२ टक्के, द्रवणांक १३४ ते १३५ अंश, फेरिक क्लोराइडला जांभळा रंग नाही. अहवालात शुद्ध उत्पादनाचे यील्ड म्हणून ६८.२ टक्के धरले आहे. ८८.५ टक्के ‘कच्चे, कोरडे’ म्हणून आणि ११२.७ टक्के ‘ओले’ म्हणून निरीक्षण तक्त्यात तसेच ठेवले आहेत, खोडलेले नाहीत. उरलेला द्रव बर्फात ठेवल्यावर आणखी ०.१४ ग्रॅम स्फटिक आले. त्यांचा द्रवणांक १२७ ते १३१ अंश असल्याने ते १.७८ ग्रॅममध्ये मिळवलेले नाहीत.