बैठकांच्या रेकॉर्डिंगचे जतन व ती काढून टाकण्याबाबत

संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय, जळगाव
जा.क्र. आस्था/अभिलेख/११८/२०२५-२६
दिनांक : १६ जून २०२५

परिपत्रक

प्रति,
सर्व प्राचार्य, विभागप्रमुख, कार्यालय अधीक्षक, समित्यांचे सदस्य-सचिव आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी (जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, शहादा व नंदुरबार)

विषय : ऑनलाइन व प्रत्यक्ष बैठकांची रेकॉर्डिंग किती काळ ठेवावीत आणि केव्हा नष्ट करावीत यासंबंधी नियम.

२०२० च्या टाळेबंदीपासून आपल्या बहुतेक बैठका ऑनलाइन होऊ लागल्या. शहादा-नंदुरबारच्या सहकाऱ्यांचा जळगावपर्यंतचा प्रवास वाचत असल्याने ही पद्धत पुढेही चालू राहिली. बैठक सुरू होताच रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याची सवयही तेव्हापासूनची आहे. मात्र ते रेकॉर्डिंग पुढे कोणी सांभाळायचे आणि कधी काढून टाकायचे, हे लेखी ठरलेले नव्हते. कागदी नस्त्यांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण आणि मुदतीनंतरचे निंदणीकरण आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. रेकॉर्डिंगसाठीही तशीच शिस्त असावी म्हणून पुढील नियम १ जुलै २०२५ पासून लागू करण्यात येत आहेत.

बैठकीचा अधिकृत अभिलेख म्हणजे अध्यक्षांच्या स्वाक्षरीचे, पुढील बैठकीत कायम झालेले इतिवृत्त होय. रेकॉर्डिंग हे इतिवृत्त बिनचूक लिहिता यावे यासाठीचे साधन असून इतिवृत्त कायम झाल्यावर त्याचे काम संपते. त्यामुळे महाविद्यालय विकास समिती, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, खरेदी समिती आणि अशाच इतर समित्यांच्या बैठकांचे रेकॉर्डिंग इतिवृत्त कायम झाल्याच्या तारखेपासून ३० दिवस ठेवावे व नंतर काढून टाकावे. विकास समितीची बैठक वर्षातून किमान चार वेळा घेणे विद्यापीठ कायद्याने बंधनकारक असल्याने ही मुदत साधारण चार महिन्यांत पुरी होते. कोणत्याही समितीचे रेकॉर्डिंग बैठकीपासून १८० दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असल्यास सदस्य-सचिवांनी लेखी कारण द्यावे. सहा महिन्यांत इतिवृत्त कायम होत नसेल, तर अडचण रेकॉर्डिंगच्या मुदतीत नसून समितीच्या कामकाजात आहे, असे या कार्यालयाचे मत आहे.

ज्यांचे इतिवृत्त औपचारिकरीत्या कायम केले जात नाही अशा विभागीय बैठका, वेळापत्रकाच्या चर्चा व दैनंदिन आढावा यांचे रेकॉर्डिंग ६० दिवसांनी काढावे. शक्यतो ते करूच नये. नियामक मंडळाच्या बैठकीचे रेकॉर्डिंग एक वर्ष ठेवावे. सर्वसाधारण सभेचे रेकॉर्डिंग पुढील सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत व त्यानंतर ३० दिवस ठेवावे. परंतु त्या सभेतील निवडणुकीवरून वा ठरावावरून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालील बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत त्याला हात लावू नये. व्याख्याने, कार्यशाळा व प्रशिक्षणवर्ग हे अध्ययन साहित्य असल्याने त्यांना हे नियम लागू नाहीत.

कर्मचारी निवडीच्या मुलाखती, शिस्तभंगाची चौकशी आणि अंतर्गत तक्रार समितीचे कामकाज यांचे रेकॉर्डिंग सचिवांच्या लेखी आदेशाशिवाय करू नये. लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३ च्या कलम १६ नुसार तक्रारदार, साक्षीदार व कार्यवाहीचा तपशील उघड करण्यास मनाई आहे. असे रेकॉर्डिंग सामाईक ड्राइव्हवर एक दिवसही असता कामा नये. ते समितीच्या अध्यक्षांच्या ताब्यात स्वतंत्रपणे राहील.

पुढील बाब सर्वांनी विशेष काळजीपूर्वक वाचावी. आपली महाविद्यालये अनुदानित असल्याने त्यांना माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू आहे. रेकॉर्डिंग अस्तित्वात असेपर्यंत तीही माहितीच असते, त्यामुळे “इतिवृत्त दिले आहे, रेकॉर्डिंगची गरज नाही” असे उत्तर जन माहिती अधिकाऱ्यांना देता येणार नाही. मुदत संपून नियमानुसार काढलेले रेकॉर्डिंग आणि अर्ज आल्यावर काढलेले रेकॉर्डिंग यांत मोठा फरक आहे. मागितलेली माहिती नष्ट केल्यास कलम २० खाली दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती संबंधित अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसू शकते. म्हणून अर्ज आल्याच्या दिवशीच संबंधित रेकॉर्डिंगची मुदत थांबवावी. उत्तर दिल्यानंतर पहिल्या अपिलाचे ३० दिवस, आणि अपील झाल्यास त्यावरील निर्णयानंतर दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस पूर्ण होईपर्यंत ते जपून ठेवावे. दुसरे अपील दाखल झाल्यास आयोगाच्या निर्णयापर्यंत थांबावे.

न्यायालयीन प्रकरण, विद्यापीठ वा सहसंचालक कार्यालयाची चौकशी किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप असल्यासही असेच थांबावे. न्यायालयात सादर होण्याची शक्यता असलेली फाइल कापू नये किंवा अन्य स्वरूपात बदलू नये, तसेच ती व्हॉट्सॲपवरून पाठवू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते, आणि फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी ते मूल्य बदलते. अशी फाइल मूळ स्वरूपात संगणक विभागाकडे द्यावी. तेथे SHA-256 मूल्य नोंदवून ती बंद केली जाईल.

रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी अध्यक्षांनी तसे स्पष्ट सांगावे व ही सूचना इतिवृत्तात नोंदवावी. गूगल मीटवरील रेकॉर्डिंग आयोजकाच्या ड्राइव्हमधील Meet Recordings या फोल्डरमध्ये जाते आणि कॅलेंडरमधील निमंत्रणालाही जोडले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सदस्य-सचिवांनी ते तीन दिवसांत समितीच्या फोल्डरमध्ये हलवून खालीलप्रमाणे नाव द्यावे. त्यात ठिकाण, समिती व बैठकीची तारीख असावी.

```
JAL_CDC_2025-07-08.mp4
```

रेकॉर्डिंग काढताना त्यासोबतची गप्पांची फाइल व आपोआप तयार झालेला लेखी मजकूरही काढावा. भ्रमणध्वनी, पेन ड्राइव्ह किंवा खासगी खात्यात प्रत ठेवण्यास मनाई आहे. चहाच्या वेळी अहिराणीत मोकळेपणाने बोललेले एखादे वाक्य तुकडा कापून गटागटांत फिरू लागले, की बोलणाऱ्याचा हेतू मागे राहतो आणि पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. असा प्रकार आढळल्यास सेवानियमांनुसार कारवाई होईल.

मुदत संपलेली रेकॉर्डिंग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढली जातील. त्यापूर्वी सात दिवस संगणक विभाग त्यांची यादी संबंधित सदस्य-सचिवांना पाठवेल. काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. त्या काळात लेखी मागणी आल्यासच ती परत घेतली जाईल. बैठकीचे नाव, तारीख, काढल्याचा दिनांक व काढणाऱ्याची स्वाक्षरी यांची नोंद नष्टीकरण नोंदवहीत करावी. ही नोंदवही कायम जतन केली जाईल.

१ जुलैपूर्वीच्या सर्व रेकॉर्डिंगची यादी प्रत्येक विभागाने १५ जुलैपर्यंत या कार्यालयास पाठवावी. एखादे रेकॉर्डिंग राखून ठेवायचे असल्यास कारणासह ३१ जुलैपर्यंत कळवावे. उर्वरित रेकॉर्डिंग ४ ऑगस्ट २०२५ रोजी काढली जातील. निवृत्त अथवा बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांतील रेकॉर्डिंगची यादी संगणक विभागाने करावी.

शंका असल्यास अभिलेख कक्षाशी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.

(स्वाक्षरीत)
प्रशासकीय अधिकारी

प्रत : मा. अध्यक्ष व मा. सचिव यांना माहितीस्तव, जन माहिती अधिकारी (सर्व), संगणक विभाग, सूचना फलक, निवड नस्ती.