नौपाडा शाखेतले चौघं सीएआयआयबी पास: शाखा व्यवस्थापकांचं भाषण

मंडळी, कॅश जुळली आहे आणि शटर अर्धं खाली आलं आहे. म्हणजे आता "मॅडम, पासबुक भरून द्या ना" म्हणत कुणी मध्ये येणार नाही. पाच-सात मिनिटं द्या मला. पेढ्यांचा बॉक्स मी मुद्दाम माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. तो आधी उघडला तर माझं कोण ऐकणार?

स्नेहल, प्रथमेश, इम्रान, मनीषाताई, पुढे या. मनीषाताई, खांबाआड उभं राहून चालणार नाही, आज तुमचीच वरात आहे.

घरची माणसं आली आहेत, बरं वाटलं. इम्रानच्या अम्मी खास मुंब्र्याहून आल्या आहेत, मनीषाताईंचे मिस्टर आणि लेक बदलापूरहून. तुमच्यासाठी थोडं सांगते, कारण घरी ही मुलं "बँकेची परीक्षा आहे" एवढंच सांगतात आणि खोलीचं दार लावून घेतात. ही परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते. संस्था १९२८ सालची. आधी पहिल्या पायरीची जेएआयआयबी, ती पास झाली की वरच्या पायरीची सीएआयआयबी. चार पेपर सक्तीचे आणि एक आपल्या आवडीचा, असे पाच. कॉम्प्युटरवर दोन तासांत शंभर मार्कांचा पेपर. चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, ठोकून द्यायचं. ठोकून बघितलेले पुष्कळ आहेत. ते पुढच्या वेळी पुन्हा फॉर्म भरताना भेटतात.

त्यातला बीएफएमचा पेपर म्हणजे बँक फायनान्शियल मॅनेजमेंट. परकीय चलनाचे दर, बाँडचं ड्युरेशन, ट्रेझरी, बँकेला किती भांडवल ठेवावं लागतं ते गणित, सगळं त्याच्यात. आपल्याकडे कर्जाचे अर्ज, केवायसी आणि लॉकरची भांडणं यांत दिवस जातो, त्यात बाँडचं ड्युरेशन कुठून येणार? म्हणून शाखेतला माणूस या पेपरला बिचकतो. बिचकावंच.

आता हे चौघं अभ्यासाला कुठे बसायचे? मागच्या रेकॉर्ड रूममध्ये. पंखा एकच, तोही फायलींवरची धूळ खाली आणणारा. डे-एंड झालं की चौघं आत. प्रिंटरमधले वाया गेलेले पाठकोरे कागद गोळा करून त्यावर गणितं. एकदा मी कपाटाची किल्ली शोधत आत गेले, तर प्रथमेश मनीषाताईंना सांगत होता, "ताई, ड्युरेशन विसरा. तुमच्याकडे जुना सात टक्क्यांचा बाँड आहे. आज बाजारात नवीन बाँड आठ टक्क्यांनी मिळतोय. तुमचा जुना कुणी पूर्ण किमतीला घेईल का?" ताई म्हणाल्या, "मी तर नाही घेणार." "मग किंमत उतरवावी लागणार. किती उतरवायची, तेच हे ड्युरेशन सांगतं. मॉडिफाइड ड्युरेशन साडेचार असेल तर व्याज एक टक्का वाढल्यावर किंमत साधारण साडेचार टक्के खाली." ताईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे एवढंच होतं? मग पुस्तकात चार पानं कशाला घातलीत?" मी किल्ली न घेताच बाहेर आले. प्रशिक्षण केंद्रात मी बरीच लेक्चरं ऐकली आहेत, इतकं सोपं करून सांगणारं क्वचितच भेटलं.

अभ्यास करताना यांनी एक गोष्ट केली नाही, तिचं मला जास्त कौतुक आहे. मागच्या परीक्षार्थींनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ मोबाईलवर फिरतात, सगळ्यांनाच माहीत आहे. त्या घोकून पास होणारे होतात. पण त्यांना काउंटरवर काही विचारलं की ते वर बघतात. मला हे पटत नाही, मी ते आधीही बोलले आहे, आज पुन्हा बोलते. या चौघांनी पुस्तकं वाचली.

परीक्षा जूनमध्ये, रविवारी, केंद्र महापेला. ठाणेकरांना पुढचं सांगायला नको. रविवार, ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, वर पाऊस. पहिल्या पेपरला स्नेहलने चौघांना कळवा नाक्यावर एका रिक्षात कोंबलं. रिक्षात तीनच बसतात हे मलाही माहीत आहे, इम्रान पुढे कसा बसला ते मी विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलेलं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, पुढे नाही जात." स्नेहलने त्याला काय सांगितलं ते ती आज बोलेल तेव्हा विचारा. पोहोचले वेळेवर, एवढं खरं. पुढच्या पेपरापासून मात्र शहाण्यासारखी मोठी गाडी ठरवली.

मनीषाताईंचं त्यांना विचारूनच सांगते आहे. निकाल लागला त्या दिवशी काउंटरवर गर्दी. ताईंनी मोबाईल बघितला आणि उठून सरळ रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. बीएफएमला ४६. पासिंग ५० चं. ताईंनी ठरवूनच टाकलं, संपलं, परत द्यायचा. प्रथमेशने बाकीचे मार्क मागितले. ५८, ५४, ६७, ६१. मोजायचा कॅल्क्युलेटर घेतला, पाचांची बेरीज केली, २८६. नियम असा आहे की पाचही पेपर एकाच खेपेला दिले, प्रत्येकात किमान ४५ आले आणि एकूण सरासरी ५० टक्क्यांची भरली, तर परीक्षा पास. ५०० पैकी २५० लागतात, ताईंकडे ३६ जास्तीचे. हा नियम ताईंना पाठ होता. इम्रानला जेएआयआयबीच्या वेळी त्यांनीच समजावला होता. स्वतःवर आल्यावर बेरीज करायचं सुचलं नाही. आणि ६७ कशात, तर कायद्याच्या पेपरात. कायद्याने वाचवलं असं म्हणायला हरकत नाही.

वेतनवाढ मिळेल, प्रमोशनच्या वेळी उपयोग होईल, ते सगळं आहेच. त्याबद्दल मी बोलत नाही, तुमचे हिशेब तुम्ही माझ्याआधी केले असणार. मला वागळे इस्टेटमधल्या त्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या पार्टीची गोष्ट सांगायची आहे.

परीक्षेनंतरची गोष्ट. त्या कारखान्याचे अकाउंटंट एलसीची, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे द्यायची जी हमी दिलेली असते तिची, कागदपत्रं घेऊन आले. माल न्हावाशेव्याहून जहाजावर चढलेला. एलसीची मुदत संपायला महिना बाकी, त्यामुळे गृहस्थ निवांत. म्हणाले, "सोमवारी फॉरेक्स ब्रँचला पाठवलं तरी चालेल." आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे अशी कागदपत्रं घ्यायची, पोच द्यायची, टपालात टाकायची. इम्रानने बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदावरची, तारीख बघितली आणि समोरच्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजायला लागला. अकाउंटंट बघतच राहिले. विसावा दिवस निघाला. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागदपत्रं बँकेत सादर व्हावी लागतात, एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे यूसीपी ६०० मध्ये, तसं आहे. एलसीची मुदत राहिली म्हणून चालत नाही. म्हणजे हातात उद्याचा दिवस. सोमवारपर्यंत थांबले असते तर परदेशातल्या बँकेला पैसे नाकारायला आयतं कारण मिळालं असतं. इम्रानने तिथेच फॉरेक्स शाखेला फोन लावला, दुपारीच माणूस पाठवला, पोचेवर वेळ घालून घेतली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही त्या मालकांचा आभाराचा फोन आला म्हणून. हा पठ्ठ्या काही बोललाच नाही.

तसंच मनीषाताईंचं. चेक परत आला की आपण मेमो देतो आणि "वकिलांना भेटा" म्हणतो. परवा एका काकांना ताई शांतपणे सांगत होत्या, मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात, तारखा लिहून ठेवा. काकांनी पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. वकिलाकडे काका जातीलच, पण वेळेत जातील.

आणि हे चौघं आत बसायचे तेव्हा बाहेर कोण होतं, तेही बोलायला हवं. मेअखेरीला जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये खात्यातून कापले गेले की रांग लागते, "माझे पैसे कुठे गेले?" त्यात शाळांचे प्रवेश, फीचे डीडी. त्या दिवसांत कदमकाका आणि सविता मॅडम यांनी दोन-दोन खिडक्या सांभाळल्या. पेपरच्या आदल्या दिवशी रजा मागायला चौघं एकदम माझ्याकडे आले तेव्हा मी खरं तर नाही म्हणणार होते. कदमकाका मागून म्हणाले, "द्या हो मॅडम, आम्ही बघतो." काका, ती रजा तुम्ही दिलीत, सही फक्त माझी. आणि गणपतदादा, रेकॉर्ड रूमला रोज सात वाजता कुलूप लागायला हवं असा माझा लेखी आदेश आहे. तो तुम्ही पाळला नाहीत, त्याबद्दल तुम्हाला आज दोन पेढे जास्त.

स्नेहल, तुझ्याबद्दल मी कमी बोलले, कारण तुझे मार्क सगळ्यांत जास्त आहेत आणि ते तू व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच टाकलेस. पण चौघांचं वेळापत्रक तू लावलंस, कुणी टाळाटाळ केली की घरी फोन केलास, हे मला प्रथमेशच्या आईकडून कळलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या स्नेहल मॅडमला आमच्या घरात सगळे घाबरतात." एकेकट्याने चौघंही कधी ना कधी पास झाले असते. एका खेपेला चौघं झाले ते या पोरीच्या दमदाटीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तकांचं बोलून थांबते. चौघांनी आपापली पुस्तकं शाखेला द्यायची कबूल केली आहेत, खुणा केलेली, पाठकोऱ्या कागदांसकट. ती आता लंचरूमच्या कपाटात राहतील, किल्ली तन्वीकडे. तन्वी, तू अशी खाली बघू नकोस. तुझं जेएआयआयबी आधी, पुढचा फॉर्म सुटला की भरायचा. शंका मनीषाताईंना विचारायच्या, वेळापत्रक स्नेहल लावेल, तुझ्या घरचा नंबर तिने घेतलाच आहे.

आता चौघांनी थोडं थोडं बोलायचं आहे. सुरुवात मनीषाताई करतील, कारण त्यांना बदलापूर गाडी पकडायची आहे. मामलेदारची मिसळ पार्सल आली आहे, तिखट आणि मध्यम वेगवेगळ्या डब्यांत आहे, डब्यावरचं बघून घ्या. गणपतदादा, खणातला पेढ्यांचा बॉक्स काढा. या ताई, माईक धरा.