विषय : ३ फेब्रुवारीला ₹५,३१० कापले गेले, सहा महिन्यांचा प्लॅन अजून सुरू नाही – UTR 603481927564

नमस्कार,

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. गेली तीन वर्षं घरी तुमचंच ब्रॉडबँड आहे. मंगळवारी, ३ फेब्रुवारी २०२६ रोजी रात्री ९.४२ वाजता मी तुमच्या अ‍ॅपवरून सहा महिन्यांच्या प्लॅनचे पैसे यूपीआयने भरले. प्लॅनचे ₹४,५०० आणि १८ टक्के जीएसटीचे ₹८१०, असे एकूण ₹५,३१०. पैसे लगेच खात्यातून गेले, पण आज १२ तारीख उजाडली तरी प्लॅन सुरू झालेला नाही.

ग्राहक क्रमांक : 20418837
तक्रार क्रमांक : 7740265 (४ फेब्रुवारी), 7746118 (९ फेब्रुवारी)
UTR : 603481927564

ऑर्डर क्रमांक मला मिळालाच नाही. पिन टाकल्यावर अ‍ॅपमध्ये बराच वेळ चक्र फिरत राहिलं आणि मग पान आपोआप मुखपृष्ठावर गेलं. तेवढ्यात बँकेचा पैसे कापल्याचा एसएमएस आला. अ‍ॅपच्या 'माझी पेमेंट्स'मध्ये मात्र त्या दिवसाची नोंदच नाही. ४ तारखेला रात्री बाराला जुना प्लॅन संपला आणि तेव्हापासून काहीही उघडलं तरी तुमचं रिचार्जचं पान समोर येतं.

पहिली तक्रार तुमच्याकडे 'इंटरनेट बंद' म्हणून नोंदवली गेली. त्यामुळे ६ तारखेला लाइनमन आले. त्यांनी बिचाऱ्यांनी गच्चीवरच्या बॉक्सपासून राउटरपर्यंत सगळी वायर तपासली आणि सांगितलं, "मॅडम, लाइन एकदम ओके आहे, प्रॉब्लेम बिलिंगचा आहे." त्याच संध्याकाळी 'तुमची तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला. काहीही सुटलेलं नव्हतं. दुसऱ्या तक्रारीच्या वेळी फोनवर उत्तर मिळालं, की व्यवहार फेल झाला असेल, पैसे आपोआप परत येतील, तोवर पुन्हा रिचार्ज करून घ्या.

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. हा व्यवहार फेल झालेला नाही. मी १० तारखेला बँकेत जाऊन विचारलं. बँकेच्या नोंदीत तो 'सक्सेस' आहे आणि रक्कम तुमच्या मर्चंट खात्यात जमा झाल्याचं त्यांनी दाखवलं. दुकानदाराला दिलेल्या यूपीआय पेमेंटचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत पैसे आपोआप परत यावे लागतात आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाई असते. ते पाच दिवस ८ तारखेला संपले. पैसे परत आले नाहीत, कारण ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले आहेत. ते माझ्या ग्राहक क्रमांकाशी जोडले गेलेले नाहीत, एवढंच. म्हणून कृपया ही तक्रार लाइनमनकडे न पाठवता बिलिंग किंवा पेमेंट रिकन्सिलिएशन बघणाऱ्या विभागाकडे द्या आणि वरचा UTR तुमच्या जमा यादीत शोधा.

पुन्हा ₹५,३१० भरणं मला शक्य नाही. मी घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवते. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे आणि सध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकवणी चालू आहे. परवा त्रिकोणमितीचं उदाहरण अर्ध्यावर असताना डेटा संपला. परत जोडेपर्यंत चौदापैकी सहा मुलं बाहेर पडली होती. या दिवसांत त्यांचा एक तासही वाया जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

प्लॅन उद्या, १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत सुरू करावा. त्याचे सहा महिने ३ तारखेपासून न धरता तो प्रत्यक्ष सुरू होईल त्या दिवसापासून मोजावेत आणि जीएसटीची पावती याच ईमेलवर पाठवावी. तुमच्याकडून हे होणार नसेल तर तसं स्पष्ट लिहून कळवा आणि पूर्ण ₹५,३१० ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. मग मी दुसरी जोडणी घेईन. मला फक्त 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर नको, या दोहोंपैकी काय करणार ते हवं आहे.

सोमवारपर्यंत यातलं काहीच झालं नाही, तर मी तुमच्या अपील प्राधिकरणाकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार करेन. तशी वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे, कारण तीन वर्षांत तुमच्या सेवेबद्दल मला एकदाही तक्रार करावी लागली नव्हती.

सोबत बँकेचा एसएमएस, खातेउताऱ्याचं ३ फेब्रुवारीचं पान आणि अ‍ॅपमधल्या रिकाम्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. आणखी काही लागलं तर याच ईमेलवर विचारा. फोन करायचा असल्यास दुपारी दोन ते चार करा, संध्याकाळी वर्ग असतो. ओटीपी किंवा पिन मात्र मी कुणालाही सांगणार नाही.

आपली,
वैशाली
कर्वेनगर, पुणे
१२ फेब्रुवारी २०२६